महिन्याची वजाबाकी म्हणते माणसं जास्त आहेत, मग ओव्हरटाइम येतो कुठून?

प्रश्न: आमच्या विभागात चाळीस माणसं आहेत, तीन शिफ्ट, चोवीस तास काम. दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचा रोटा लागतो आणि त्याच दिवशी मला ओव्हरटाइमच्या खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. मी रोटातले एकूण तास घेतो, त्यातून नेहमीची ६ टक्के गैरहजेरी काढतो आणि लागणारे तास वजा करतो. दर वेळी तास शिल्लकच निघतात, तरी ओव्हरटाइम होतोच. साहेब म्हणाले म्हणून एकदा सगळी गैरहजेरी ओव्हरटाइमनेच भरली असं धरलं, तर आकडा भलताच फुगला. नक्की कसं काढायचं?

उत्तर: शिल्लक सकाळच्या शिफ्टला असते आणि तूट रात्री पडते. महिन्याच्या बेरजेत ही दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, प्रत्यक्षात मात्र नाही. मंगळवारी सकाळी जास्तीचा असलेला माणूस उचलून शनिवारी रात्री उभा करता येत नाही. त्याचा मंगळवार संपला, त्या दिवसाचा पगारही लागला. म्हणून हिशेब महिन्याचा न करता एकेका शिफ्टचा करायचा, प्रत्येक शिफ्टची फक्त तूट मोजायची, शिल्लक असली तर ती शून्य धरायची, आणि मग बेरीज मारायची. वजाबाकी आधी आणि बेरीज नंतर, एवढा क्रम बदलला की तुमचा निम्मा घोळ सुटतो.

आकडे घालून दाखवतो. तुमच्यासारखाच एक विभाग धरू, महिना ३० दिवसांचा, शिफ्ट ८ तासांची.

| शिफ्ट | रोटात | लागतात | गैरहजेरी |
|---|---|---|---|
| सकाळ | १० | ८ | ५% |
| दुपार | ९ | ८ | ६% |
| रात्र | ६ | ६ | ८% |

तुमच्या पद्धतीने दिवसाला २५ जण रोटात, सरासरी दीड जण येत नाहीत, उरले साडेतेवीस, लागतात २२. म्हणजे महिन्याला साधारण ३५५ तास शिल्लक. साहेबांच्या पद्धतीने दीड माणूस गुणिले ८ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे ३६५ तास ओव्हरटाइम. एकाचं उत्तर शून्य, दुसऱ्याचं ३६५.

आता शिफ्टवार बघू. रात्री सहाच्या सहा लागतात, त्यामुळे पडलेली प्रत्येक दांडी ही सरळ तूट आहे. ६ जण, ८ टक्के, ३० रात्री: महिन्याला १४.४ ड्युट्या, म्हणजे ११५ तास. इथे साहेबांचंच बरोबर.

दुपार जरा विचार करायला लावते. सरासरीने अर्धा माणूस गैरहजर आणि जास्तीचा एक आहे, म्हणजे तूट पडायलाच नको. पण अर्धा माणूस कधीच गैरहजर नसतो. तीस दिवसांपैकी १७ दिवस नऊच्या नऊ येतात, १० दिवस एक जण येत नाही आणि उरलेल्या ३ दिवसांत दोघे किंवा त्याहून जास्त जण येत नाहीत. पहिल्या २७ दिवसांत ओव्हरटाइम नाही, या तीन दिवसांत आहे. हिशेबाने महिन्याला ३.४ ड्युट्या, २७ तास. सकाळी दोघे जास्तीचे असल्यामुळे तीन जण एकाच दिवशी गायब झाले तरच तूट पडते, आणि ती महिन्याला जेमतेम ३ तासांची.

बेरीज १४५ तास. शून्यही नाही, ३६५ही नाही. आणि त्यातले चार पंचमांश एकट्या रात्रीचे.

हे शीटमध्ये बसवायला एकच सूत्र लागतं. B2 मध्ये रोटातली माणसं, C2 मध्ये लागणारी, D2 मध्ये गैरहजेरीचा दर. उत्तर येतं ते त्या एका शिफ्टला सरासरी किती माणसांची तूट पडेल याचं:

```
=SUMPRODUCT((SEQUENCE(B2+1,1,0)>B2-C2)*(SEQUENCE(B2+1,1,0)-(B2-C2))*BINOM.DIST(SEQUENCE(B2+1,1,0),B2,D2,FALSE))
```

महिन्यातल्या प्रत्येक शिफ्टला एक ओळ द्या, ९० ओळी होतील. एकदा शीट बांधलं की दर महिन्याला फक्त रोटा चिकटवायचा. रोटा मुळातच अपुरा असेल, म्हणजे लागतात सहा आणि लावलेत पाच, तर तो एक माणूसही हे सूत्र तुटीत बरोबर मिळवतं.

आता खरा कस गैरहजेरीच्या दराचा. बहुतेक ठिकाणी पगारपत्रकातला गैरहजेरीचा टक्का उचलतात, आणि त्यात मंजूर रजा, प्रशिक्षण, लांबचं आजारपण, सगळं एकत्र असतं. मंजूर रजा रोटा लावतानाच वगळलेली असते. जो माणूस रोटात नाहीच, तो तिथून पुन्हा गैरहजर कसा राहील? आपल्याला हवा तो दर एवढाच: रोटा जाहीर झाल्यानंतर पडलेल्या गैरहजेऱ्या, भागिले जाहीर रोटातल्या ड्युट्या. पूर्ण दिवसाची दांडी, ऐन वेळी मंजूर केलेली रजा, अर्ध्यात घरी गेलेला माणूस, सगळं यात धरायचं, कारण तूट पाडताना या तिघांत फरक नसतो.

लांब आजारी असलेला माणूस दरातून बाहेर काढून नावानिशी धरायचा. चाळिसातला एक जण सहापैकी तीन महिने नव्हता, तर तो एकटाच दरात सव्वा टक्का भर घालतो. तो परत कामावर आला तरी तुमचा अंदाज त्याला आजारीच समजत राहतो. त्याचं सोपं आहे: पुढच्या महिन्यात तो येणार की नाही हे माहीत असतं. येणार नसेल तर रोटातून काढा, त्याच्या ड्युट्या पहिल्याच दिवशी तूट म्हणून दिसू द्या.

इथे एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे, ती सांगतो. एका विभागाचं काम हाती घेतलं तेव्हा वर्षभराचे जुने रोटे सिस्टिममधून काढले आणि हजेरीशी ताडून पाहिले. रात्रीची गैरहजेरी एक टक्क्याच्या आत. मी खूश, सुपरवायझर मात्र माझ्याकडे बघून हसत होता. त्याने मला एक रात्र उघडून दाखवली. मूळ रोटात असलेला माणूस आला नव्हता, त्याच्या जागी दुसऱ्याला बोलावलं होतं, आणि सुपरवायझरने सकाळी सिस्टिममध्ये नाव बदलून ठेवलं होतं. म्हणजे मी जो रोटा काढला तो ठरलेला नव्हताच, तो घडून गेलेला होता. त्यात तूट दिसणार कशी, ती आधीच बुजवलेली. तेव्हापासून रोटा जाहीर झाला की त्याच संध्याकाळी त्याची प्रत तारीख घालून वेगळी ठेवतो आणि तिला कुणी हात लावायचा नाही. तुमच्याकडे अशा प्रती नसतील तर सूचनाफलकावर लावलेल्या कागदांचे फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये सापडतात. मी तीन महिने तसेच भरून काढले होते.

दर किती बारीक करायचा? शिफ्टवार नक्की करा, कारण रात्रीचा दर सकाळच्या दीडपट असणं अगदी सर्रास दिसतं आणि नेमकी तिथेच शिल्लक नसते. त्यापुढे जाऊन माणूसवार, वारवार, महिनावार असे कप्पे पाडत बसू नका. रात्रीच्या महिन्याला १८० ड्युट्या, ८ टक्क्यांनी १४ दांड्या. नुसत्या योगायोगानेच हा आकडा एका महिन्यात १० आणि दुसऱ्यात १८ होऊ शकतो. एका महिन्यावरून "रात्रीची गैरहजेरी वाढली" असं कुणी सांगितलं तर दुर्लक्ष करा. बारा महिने एकत्र घेतले की ड्युट्या दोन हजारांच्या वर जातात आणि दर साधारण एक टक्क्याच्या आतबाहेर स्थिर होतो.

एक कप्पा मात्र पाडावाच लागतो, तो म्हणजे वाईट दिवसांचा. दांड्या सगळीकडे सारख्या पसरत नाहीत, त्या गोळा होतात. सुट्टीला लागून आलेला दिवस, लांब शनिवार-रविवार, साथीचा आठवडा. वरचं सूत्र प्रत्येक माणूस आपापल्या मर्जीने गैरहजर राहतो असं धरतं, आणि तेवढं ते भाबडं आहे.

दुपारचंच उदाहरण घेऊ. सरासरी ६ टक्केच, पण २४ दिवस ४ टक्के आणि ६ दिवस १४ टक्के. आता तूट ३.४ ड्युट्यांवरून ४.४ वर जाते, २७ तासांचे ३५ होतात. सरासरी तीच, दांड्याही तेवढ्याच, तरी ओव्हरटाइम जवळपास ३० टक्क्यांनी जास्त. कारण साध्या दिवसांचा जास्तीचा माणूस वापराविना राहतो आणि वाईट दिवशी एक जास्तीचा पुरत नाही. रात्रीला मात्र याने तासांमध्ये काहीच फरक पडत नाही. तिथे शिल्लकच नसल्यामुळे दांड्या गोळा झाल्या काय, पसरल्या काय, ११५ ते ११५. म्हणून जिथे एखाददुसरा माणूस जास्तीचा आहे त्या शिफ्टसाठी वाईट दिवसांचा दर वेगळा काढा. जिथे शून्य शिल्लक आहे तिथे तासांसाठी नुसती सरासरी पुरते, पैशांसाठी नाही. त्याचं कारण पुढे येतं.

वाईट दिवस ओळखायचे कसे? मागच्या वर्षाचे दिवस गैरहजेरीच्या क्रमाने लावा आणि वरचे पाचेक डझन दिवस कॅलेंडरवर खुणा करून बघा. पाच मिनिटांत नमुना दिसतो. पुढच्या महिन्यात तसे दिवस किती येताहेत ते मोजा. एखाद्या महिन्यात चारऐवजी पाच शनिवार-रविवार येतात, एवढ्यानेही अंदाज हलतो.

इथपर्यंत आपण तूट मोजली. तूट आणि ओव्हरटाइम हे दोन वेगळे आकडे आहेत, मध्ये सुपरवायझर बसलेला असतो. पडलेल्या तुटीचं तो काय करतो? कधी दुसऱ्याची ड्युटी बदलून घेतो, कधी सकाळच्या जास्तीच्या माणसाला दुपारी उतरायला सांगतो, कधी आदल्या शिफ्टच्या एकाला चार तास थांबवतो आणि पुढच्या शिफ्टच्या एकाला चार तास आधी बोलावतो, आणि कधी पाच जणांवर रात्र काढतो. हे सगळं समजून घ्यायला तुम्हाला त्याच्या डोक्यात शिरायची गरज नाही. एकच गुणोत्तर काढा: गैरहजेरीमुळे म्हणून पगारात लागलेले ओव्हरटाइमचे तास, भागिले तुटीचे तास. बोलावलेला माणूस दोन तास उशिरा पोहोचला, बोलावल्याबद्दल किमान चार तास द्यावेच लागतात असा नियम आहे, दोघांच्या वेळा अर्धा तास एकावर एक आल्या, हे सगळं त्यात आपोआप येतं.

गुणोत्तर शिफ्टवार वेगळं पडतं. रात्री बदली मिळत नाही आणि माणूस कमी ठेवायची हिंमत होत नाही, म्हणून ते वर असतं. आपल्या विभागात रात्रीचं ०.८ आणि बाकी दोन्हींचं ०.६ धरू. मग रात्रीचे ९२, दुपारचे २१, सकाळचे २, असे ११५ तास गैरहजेरीपोटी.

एक सावधगिरी. वर्षअखेरीला बजेट संपत आलं की सुपरवायझरला "ओव्हरटाइम थांबवा" असा निरोप जातो आणि हे गुणोत्तर एकदम पडतं. तूट तेवढीच असते, फक्त ती न भरता ढकलली जाते. असे महिने सरासरीत घेतले तर पुढच्या वर्षीचा अंदाज कायम कमी येत राहील. उलट कॉम्प ऑफ देऊन भागवलेले तासही बघा. त्यांचा पैसा आज दिसत नाही, पण ती माणसं पुढच्या महिन्यात रोटातून कमी होतात.

गैरहजेरीशी संबंध नसलेला ओव्हरटाइमही असतो, आणि त्याचे दोन प्रकार वेगळे मांडायला हवेत. पहिला रोटातच शिवलेला. रिकाम्या जागा भरलेल्या नसल्या की रोटा लावणाराच काहींना आठवड्याला एक ड्युटी जास्त लावतो. तो अंदाज नाही, तो आजच माहीत असलेला खर्च आहे. प्रत्येक माणसाचे आठवड्याचे तास मोजा, कराराच्या मर्यादेवर गेलेले वेगळे काढा. आपल्याकडे अशा ८ ड्युट्या, ६४ तास. दुसरा प्रकार शिफ्ट संपूनही थांबावं लागण्याचा: काम उरलं, पुढचा उशिरा आला, बिघाड झाला. हा मागच्या बारा महिन्यांच्या नोंदींवरून सरळ सरासरीने घ्या, ३८ तास धरू. नोंदीत कारण लिहिलेलं नसेल तर लांबीवरून कळतं. पाऊण-एक तासाचे तुकडे म्हणजे थांबलेला माणूस, चार आणि आठ तासांचे म्हणजे भरलेली तूट.

एकूण झाले ६४ अधिक ११५ अधिक ३८, म्हणजे २१७ तास.

आता पैसे. चलन तुमचं तुम्ही घाला, मी विभागाचा सरासरी तासाचा दर १०० धरतो. साध्या दिवशीचा ओव्हरटाइम दीडपट आणि शनिवार-रविवार किंवा सुट्टीला दुप्पट, असा नियम धरू. तुमच्या करारात वेगळं असेल तर तेच वापरा. घाईत करणारा माणूस २१७ गुणिले १.५ गुणिले १०० करतो आणि ३२,५५० लिहून मोकळा होतो. यात दोन चुका आहेत आणि दुर्दैवाने दोन्ही एकाच दिशेला ओढतात.

पहिली चूक, तूट आठवडाभर सारखी पडते असं धरणं. वर वाईट दिवस सहा धरले होते. त्यातले चार शनिवार-रविवारचे आणि दोन सुट्टीच्या आजूबाजूचे साधे दिवस आहेत असं समजा, आणि रात्रीचंही तसंच धरा, २४ रात्री ६ टक्के आणि ६ रात्री १६ टक्के. महिन्यात शनिवार-रविवार आठच, म्हणजे दिवसांचा २७ टक्के वाटा. पण गैरहजेरीपोटी आलेल्या ओव्हरटाइमचा जवळपास ४० टक्के भाग त्याच आठ दिवसांत येतो. म्हणजे ४६ तास दुप्पट दराने आणि ६९ तास दीडपट दराने. रात्रीच्या तासांना सरासरी पुरते पण पैशांना पुरत नाही, ते यामुळे.

दुसरी चूक विभागाचा सरासरी दर वापरणं. ओव्हरटाइम सगळे सारखा करत नाहीत. रात्री एकट्याने जबाबदारी पेलणारा माणूस लागतो, तो जुना असतो, त्याचा दर वरचा असतो. मागच्या वर्षी ज्यांनी ओव्हरटाइम केला त्यांचे दर त्यांच्या ओव्हरटाइमच्या तासांनी तोलून सरासरी काढा. इथे ती ११२ धरतो.

मग रोटातले ६४ तास दीडपटीने ९६, गैरहजेरीचे ११५ तास मिळून १९५.५, थांबण्याचे ३८ तास दीडपटीने ५७. एकूण ३४८.५ साध्या तासांएवढा पैसा, गुणिले ११२, म्हणजे सुमारे ३९,०००. घाईच्या आकड्यापेक्षा २० टक्के जास्त, आणि तासांमध्ये एकाचाही फरक नाही.

याच्या उलट दिशेची एक गोष्टही तपासा. बऱ्याच करारांत जास्तीचा दर आठवड्याचे ठरलेले तास पूर्ण झाल्यावरच लागू होतो. सोमवारी दांडी मारलेला माणूस शनिवारी जास्तीची ड्युटी करतो, तेव्हा ती साध्या दराने लागू शकते. अर्धवेळ माणसाचे जास्तीचे तासही पूर्णवेळाच्या मर्यादेपर्यंत कित्येकदा साध्याच दराने जातात. हे प्रमाण पगारपत्रकात दिसतं, अंदाज बांधायची गरज नाही. भविष्यनिधी, विमा असे मालकाच्या वाट्याचे खर्च ओव्हरटाइमवर कुठले लागतात आणि कुठले लागत नाहीत, ते पगार विभागाला एकदा विचारून शीटमध्ये एका कोपऱ्यात लिहून ठेवा.

साहेबांना एकच आकडा देऊ नका. रात्रीच्या १४ दांड्या म्हणजे १० ते १८ असं वर म्हटलं, ते प्रत्येक दांडी सुटी आहे असं धरून. प्रत्यक्षात आजारी पडलेला माणूस दोन-तीन ड्युट्या सलग घेऊन जातो, त्यामुळे पसारा आणखी वाढतो. एका आजारपणात सरासरी दोन ड्युट्या जात असतील तर नुसत्या योगायोगाचा फरक सुमारे दीडपट होतो. आपल्या विभागात हा सगळा हिशेब केला तर दहापैकी आठ महिने गैरहजेरीचा ओव्हरटाइम ७० ते १६० तासांत राहावा, म्हणजे एकूण खर्च साधारण ३०,००० ते ४८,०००. पट्टा मोठा वाटेल. चाळीस माणसांच्या विभागात तो मोठाच असतो, आणि "३९,०००" असं ठासून सांगून दर महिन्याला खुलासे देत बसण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. रोटातले ६४ तास या पट्ट्यात हलत नाहीत, हेही त्यांना दाखवा.

शीट खरं बोलतंय का ते मागच्या सहा महिन्यांवर चालवून बघा, पण जाहीर झालेल्या प्रतींवर, आणि दर काढताना ते सहा महिने वगळून. फरक आला तर तो तीन ठिकाणी तोडून पाहायचा: तूट चुकली, गुणोत्तर चुकलं की दर चुकला. तूट बरोबर येतेय आणि पैसे जास्त लागताहेत, तर दर किंवा वार बघा. तूट बरोबर आणि तास कमी, तर सुपरवायझर माणसं कमी ठेवून चालवतोय. सहाही महिने फरक एकाच बाजूला असेल तर तो योगायोग नाही, कुठेतरी काहीतरी दोनदा धरलंय किंवा सुटलंय. आणि फरक शोधायला लागण्याआधी पगाराची कट-ऑफ तारीख बघा. २० तारखेनंतरचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्याच्या पगारात लागत असेल, तर तुम्ही या महिन्याच्या रोटाची तुलना मागच्या महिन्याच्या दहा दिवसांशी करताय. तासांची तुलना काम झालेल्या तारखेनेच करा.

शीट बांधून झालं की रोटा जाहीर व्हायच्या आधी एकदा हे करून बघा. सकाळच्या दहातला एक माणूस काढून रात्री टाका: सकाळी नऊ, रात्री सात. सकाळची तूट ३ तासांवरून १९ वर जाते, रात्रीची ११५ वरून २८ वर येते. दुपारचे २७ धरून एकूण १४५ तासांचे साधारण ७५ होतात, एकही माणूस न वाढवता. हे सगळे तुटीचे तास आहेत आणि साध्या सूत्रावरचे, वाईट दिवस वेगळे न धरता, तेव्हा प्रत्यक्ष फायदा याहून थोडा कमीच धरा. शिवाय महिन्याला तीस रात्रपाळ्या वाढतात, त्यांचा रात्रभत्ता आणि रात्रीनंतरच्या सुट्ट्या रोटात बसवाव्या लागतात, आणि रात्री जास्त लावलेल्या माणसांचा गैरहजेरीचा दर ८ टक्क्यांवरच थांबेल याची खात्री नाही. तो १२ झाला तर रात्रीची तूट २८ वरून ६० तासांवर जाते. हे दोन्ही आकडे घेऊन रोटा लावणाऱ्याशी २५ तारखेच्या आधी बोला, नंतर नाही.